दोन टक्के कशाचे?

ऑगस्ट २०२५ मध्ये महागाई भत्ता वाढल्याची बातमी आली, तेव्हा धडगावच्या बाजारात एका किराणा दुकानदाराने माझ्यासमोर गुरुजींना विचारलं, "गुरुजी, पगार दोन टक्क्यांनी वाढला म्हणे. साठ हजारावर बाराशे सुटले की!" गुरुजी हसले आणि म्हणाले, "भाऊ, बाराशे कुठले? हजारसुद्धा नाही." दुकानदाराला वाटलं, गुरुजी उधारी लांबवताहेत. पण गुरुजी खरं बोलत होते.

मी बरीच वर्षं पंचायत समितीत पगारबिलं केली. तेवढ्या काळात हा प्रश्न किती तऱ्हांनी ऐकला! "साहेबांनी माझे पैसे कुठे कापले?" "बातमीत तीन टक्के, पासबुकात साडेतीन कसे?" "मागच्या महिन्यात जास्त आले होते, आता कमी का?" बहुतेक वेळा कुणी काही कापलेलं नसतं. टक्के कशावर मोजायचे, हे बातमीत लिहिलेलं नसतं, एवढाच घोळ. म्हणून एका शिक्षकाचा २०२५ चा जून, जुलै आणि ऑगस्टचा पगार इथे रुपयानिशी मांडतो. शिक्षक उदाहरणापुरता आहे, दर मात्र खरे आहेत.

हे गुरुजी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत आहेत, २००५ नंतर लागलेले, म्हणजे जुनी पेन्शन नसलेले. सातव्या वेतन आयोगात त्यांची श्रेणी एस-१०, म्हणजे २९,२०० ते ९२,३०० ची. जूनमध्ये त्यांचा मूळ पगार, आपल्या भाषेत बेसिक, ४६,८०० रुपये होता. महागाई भत्ता त्या वेळी ५३ टक्के, म्हणजे २४,८०४. नंदुरबार जिल्हा घरभाड्याच्या हिशेबात झेड वर्गात मोडतो आणि त्याचा दर १० टक्के, म्हणजे ४,६८०. वाहतूक भत्ता १,३५०. एकूण पगार झाला ७७,६३४.

आता कपाती. पेन्शनच्या खात्यात, ज्याला आपण अजूनही डीसीपीएस म्हणतो, बेसिक आणि महागाई मिळून जी रक्कम होते तिच्या १० टक्के जातात. ते झाले ७,१६०. व्यवसाय कर २००. गटविमा ३६०. आणि शिक्षक पतपेढीचा हप्ता १२,०००. घर बांधायला घेतलेलं कर्ज आहे, पगारातूनच वळतं होतं. बँकेत जमा झाले ५७,९१४.

जुलैत वार्षिक वेतनवाढ लागली. तिला सगळे तीन टक्के म्हणतात. प्रत्यक्षात वेतनाच्या तक्त्यात एक घर खाली यायचं असतं. तक्ता बनवतानाच तीन टक्के धरून शंभराच्या पटीत आकडे बसवलेले आहेत. ४६,८०० च्या खालचं घर ४८,२००. म्हणजे वाढ १,४०० ची. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणेल, पगार १,४०० ने वाढला. पण बेसिक वाढलं की बेसिकच्या खांद्यावर बसलेलं सगळं उचललं जातं. महागाई भत्ता २४,८०४ चा २५,५४६ झाला, घरभाडे ४,८२० झालं. वाहतूक भत्ता जागचा हलला नाही, कारण तो ठरीव रुपयांत आहे. एकूण पगार ७९,९१६. वाढ २,२८२ रुपये, म्हणजे २.९४ टक्के. तीनाला जे थोडंसं कमी पडलं ते त्या न हललेल्या १,३५० मुळे.

पेन्शनची कपातही वाढून ७,३७५ झाली. व्यवसाय कर, गटविमा, पतपेढी जसेच्या तसे. हातात आले ५९,९८१. जूनपेक्षा २,०६७ जास्त, आणि टक्क्यांत काढले तर ३.५७.

वाढ तीनची आणि हातात साडेतीन टक्के. हे ऐकून गुरुजी पहिल्यांदा खूश होतात, मग त्यांना संशय येतो. गंमत पतपेढीच्या हप्त्यात आहे. हप्ता १२,००० चा १२,००० राहिला, पगार वाढला म्हणून त्याने आपला वाटा मागितला नाही. वाढीचे रुपये तेवढेच, पण ज्या रकमेशी आपण ते ताडून पाहतो ती हप्त्यामुळे आधीच लहान झालेली. लहान भांड्यात तेवढंच पाणी ओतलं की पातळी जास्त वर येते. याच गुरुजींवर कर्ज नसतं तर जूनला ६९,९१४ हातात आले असते, आणि तेच २,०६७ रुपये २.९६ टक्के दिसले असते. म्हणून कर्जबाजारी माणसाची वाढ टक्क्यांत नेहमी ठसठशीत दिसते. त्याच्या हातात एक रुपयाही जास्त आलेला नसतो.

आता ऑगस्ट. ११ ऑगस्ट २०२५ च्या शासन निर्णयाने महागाई भत्ता ५३ वरून ५५ टक्के झाला, तोही १ जानेवारी २०२५ पासून. वर्तमानपत्रांनी मथळा दिला 'दोन टक्के वाढ'. हे दोन टक्के बेसिकचे. घरभाडे महागाईवर मोजत नाहीत, वाहतूक भत्ताही नाही. म्हणजे जुलैच्या वाढीसारखं इथे खांद्यावर काहीच बसलेलं नाही. ४८,२०० चे दोन टक्के ९६४ रुपये, आणि तिथेच गोष्ट संपली.

या ९६४ रुपयांच्या चार टक्केवाऱ्या निघतात आणि चारही खऱ्या आहेत. बेसिकशी ताडले तर २ टक्के. आधीच्या महागाई भत्त्याशी ताडले तर ३.७७ टक्के. एकूण पगाराशी ताडले तर १.२१. आणि पेन्शनची वाढीव कपात, ९६ रुपये, वजा करून हातात उरलेले ८६८ रुपये जुलैच्या हातातल्या पगाराशी ताडले तर १.४५. दुकानदाराने साठ हजारावर दोन टक्के लावले, म्हणजे बेसिकचे टक्के हातातल्या रकमेवर लावले. कुठल्याही दोन टप्प्यांत अशी सरमिसळ केली की उत्तर चुकलंच म्हणून समजा.

ज्यांची नोकरी १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आहे आणि भविष्य निर्वाह निधी आहे, त्यांच्या हातात मात्र हे ९६४ पूर्ण पडतात, कारण जीपीएफची वर्गणी त्यांनी स्वतः ठरवून दिलेली असते, ती महागाईबरोबर आपोआप हलत नाही. एकाच शाळेत, एकाच बेसिकवर दोन गुरुजी असतील आणि दोघांच्या वाढीत ९६ रुपयांचा फरक दिसला, तर भांडायला जाऊ नका. नव्या पेन्शनवाल्याच्या ९६ रुपयांबरोबर शासनाचा १४ टक्के हिस्सा, म्हणजे १३५ रुपये, त्याच्या खात्यात जास्तीचे जातात. ते पासबुकात दिसत नाहीत, म्हणून कुणी मोजत नाही.

सगळ्यात जास्त भानगड थकबाकीने होते. ऑगस्टच्या पगारात जानेवारी ते जुलै अशी सात महिन्यांची थकबाकी रोखीने द्यायची होती. पुष्कळ जण काय करतात, नव्या बेसिकवर ९६४ काढतात, सातने गुणतात आणि ६,७४८ मागतात. मग स्लिपवर ६,५८० दिसले की ओरड सुरू. बरोबर आकडा ६,५८० च आहे. जानेवारी ते जून बेसिक ४६,८०० होतं, त्याचे दोन टक्के ९३६, सहा महिन्यांचे ५,६१६. जुलैचे ४८,२०० वर ९६४. बेरीज ६,५८०. यातूनही पेन्शनचे ६५८ कापले जातात आणि निव्वळ ५,९२२ उरतात.

थकबाकी त्याच महिन्यात आली असं धरलं, तर ऑगस्टचा नेहमीचा पगार ६०,८४९ आणि वर ५,९२२ मिळून ६६,७७१ खात्यात पडले. जुलैपेक्षा ६,७९० जास्त. टक्क्यांत अकराच्या वर! आणि सप्टेंबरला पुन्हा ६०,८४९. थकबाकीनंतरच्या महिन्याचा पगार झाला की माझ्या टेबलासमोर जी गर्दी व्हायची ती अशाच घसरणीची. कुणाचाही पगार कमी झालेला नसायचा.

थकबाकीचं बिल आपल्याकडे मागे पडू शकतं. अनुदान अपुरं आलं, एखाद्या शाळेचं बिल त्रुटीत गेलं, की दोन-तीन महिने जातात. अशा वेळी थकबाकी येईल त्या महिन्यात महिनावार तक्ता मागून घ्या. मी स्वतः एकदा चूक पाहिली आहे. एका शाळेच्या बिलात बेसिक सातही महिन्यांना जूनचंच धरलं होतं. ४६,८०० बेसिकवाल्याला २८ रुपये कमी. २८ रुपयांसाठी कोण येतं? एक बाई आल्या, स्लिपवर पेन्सिलीने आकडेमोड करून. त्यांच्यामुळे अख्ख्या शाळेचं बिल दुरुस्त झालं.

तपासायला मोठं गणित लागत नाही. शालार्थमधून स्लिप काढा आणि तीनच ओळी बघा. बेसिक, महागाई भत्ता भागिले बेसिक, हा भागाकार जाहीर दराइतका आला पाहिजे, आणि घरभाडे भागिले बेसिक. बेसिक आणि हे दोन भागाकार बरोबर आले तर पगार बरोबर आहे, मग बातमीत काहीही छापलेलं असो. वजावटीत बदल झाला असेल तर तो वेगळा शोधायचा. फेब्रुवारीत व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापतात, वर्षाचे २,५०० पुरे करायला. त्यामुळे फेब्रुवारीची तुलना कुठल्याच महिन्याशी करू नका.

घरभाड्याकडे आपल्या जिल्ह्यात जरा लक्ष ठेवावं लागतं. जो सरकारी निवासस्थानात राहतो त्याला घरभाडे मिळतच नाही, म्हणून त्याच्या १,४०० च्या वेतनवाढीवर महागाईच चढते, घरभाडे नाही. त्याच्या एकूण पगारात २,२८२ ऐवजी २,१४२ ची वाढ दिसेल. मुख्यालयी राहण्याचा वाद तर अक्कलकुवा, धडगावच्या दुर्गम शाळांत जुनाच आहे, आणि घरभाडे थांबलं तर हिशेब तसाच खाली येतो. उलट, महागाई भत्ता ५० टक्क्यांच्या पुढे गेला तेव्हा झेड वर्गाचं घरभाडे ९ वरून १० टक्के झालं. त्या टप्प्यावर एकूण पगारात आलेली वाढ जाहीर झालेल्या महागाई वाढीपेक्षा बेसिकच्या एक टक्क्याने जास्त होती. आता ५० ओलांडून गेल्यामुळे पुढच्या दोन-तीन टक्क्यांच्या वाढीला अशी जोड मिळणार नाही.

आदिवासी क्षेत्रात एकस्तर वेतनश्रेणीचा लाभ ज्यांना आहे, त्यांचं बेसिकच वरच्या पायरीचं असतं आणि टक्के त्यावरच लागतात. बदली होऊन बिगर-आदिवासी भागात गेलात तर बेसिक खाली येतं, आणि त्या महिन्यात वेतनवाढ लागूनही एकूण आकडा उतरलेला दिसतो. दोन्ही गोष्टी एकाच स्लिपवर आल्या की भलेभले गोंधळतात.

आयकराचंही एक आहे. नव्या कर पद्धतीत २०२५-२६ या वर्षासाठी पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर नाही. आपल्या उदाहरणातल्या गुरुजींचा वर्षाचा पगार दहा लाखांच्या आत बसतो, म्हणून त्यांना वाढीतून कर द्यावा लागत नाही. पण जुन्या पद्धतीत वीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या वरिष्ठांच्या हातात वाढीच्या रुपयामागे तीनेक आणे कमीच पडतात, कारण वाढीचा रुपया नेहमी सगळ्यात वरच्या टप्प्यात जाऊन बसतो.

सरकारी नोकरीबाहेर गोष्ट आणखी फसवी असते. सरकारी पगारात निदान महागाई आणि घरभाडे बेसिकच्या प्रमाणात चालतात. खासगीत बेसिक अर्धं आणि बाकीचे भत्ते ठरीव, अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी असते. नवापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एखाद्या सुपरवायझरला २४,००० पगार आहे असं धरू, त्यात बेसिक १२,००० आणि विशेष भत्ता वगैरे मिळून १२,०००. मालकाने दहा टक्के वाढ जाहीर केली. ती बेसिकवर लागली तर १,२०० रुपये. भत्ते जागेवर. एकूण पगारात पाच टक्के. त्यातले १४४ भविष्य निर्वाह निधीत गेले की हातात १,०५६. आधी हातात १,४४० पीएफ आणि २०० व्यवसाय कर जाऊन २२,३६० येत होते, म्हणजे वाढ ४.७ टक्के. जाहीर दहा, हातात पावणेपाच, आणि कुणी खोटं बोललेलं नाही. अशा ठिकाणी वाढीचं पत्र हातात पडलं की एकच विचारायचं: बेसिकवर की एकूण पगारावर? उत्तर पत्रात लिहून घ्या. तोंडी उत्तर मार्चमध्ये एक असतं आणि एप्रिलच्या स्लिपवर दुसरं.

एसटीवाल्यांचा अनुभव याच्या दुसऱ्या टोकाचा आहे. नंदुरबार, शहादा, नवापूर आणि अक्कलकुवा आगारांतले चालक-वाहक विसरलेले नसतील. २०२१ च्या नोव्हेंबरात संप चालू असताना परिवहन मंत्र्यांनी वाढ जाहीर केली आणि ४१ टक्के हा आकडा गावोगाव पोचला. वाढ मात्र टक्क्यांत नव्हतीच, ती बेसिकमध्ये ठरीव रुपयांत होती. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना ५,०००, दहा ते वीस वर्षंवाल्यांना ४,००० आणि वीसच्या वर २,५००. ज्याचं बेसिक १२,०८० होतं त्याला ५,००० म्हणजे खरोखर ४१ टक्के. पण ३७,००० बेसिकवाल्या जुन्या चालकाला २,५०० म्हणजे पावणेसात टक्के. बायकोने विचारलं असेल, "सगळ्यांना ४१, मग तुम्हाला का नाही?" तर त्याच्याकडे सांगायला काही नव्हतं. ठरीव रुपयांची वाढ असली की मथळ्यातली टक्केवारी सगळ्यात खालच्या बेसिकची असते, हे धरून चाला.

आता खर्चाकडे येतो, कारण वाढ आली की हप्त्याची पत्रकं आधी येतात. आमच्या गुरुजींकडे ऑगस्टच्या पासबुकाची नक्कल घेऊन मोटारसायकलच्या शोरूमचा मुलगा आला होता असं समजा. ६६,७७१ दिसतात, हप्ता सहज बसतो, असं तो सांगणार. ते ६६,७७१ पुढच्या महिन्यात नाहीत. महागाईच्या वाढीतून कायमचे हातात आलेले रुपये ८६८. दहा टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीवर ८६८ चा हप्ता जेमतेम ४०,००० चं कर्ज पेलतो. वेतनवाढीचे २,०६७ त्यात मिळवले, म्हणजे महिन्याचे २,९३५, तर साधारण १ लाख ३८ हजारांपर्यंत जाता येतं. पण मग वर्षभरातल्या दोन्ही वाढी एका हप्त्यात गेल्या, आणि किराण्याचा भाव वाढला म्हणूनच तर महागाई भत्ता मिळाला होता. थकबाकीचे ५,९२२ एकदाच आलेत. त्यातून पतपेढीचा अर्धा हप्ता आगाऊ फेडा, मुलांची फी भरा, काहीही करा, फक्त त्यांच्यावर महिन्याचा हप्ता उभा करू नका.

हप्ता पगारातून वळता होतो की खात्यातून, हेही पाहून ठेवा. पतपेढीचा हप्ता बिलातच कापला जातो, म्हणून खात्यात येणारा आकडा आधीच लहान असतो. बँकेचा हप्ता पगार जमा झाल्यावर खात्यातून जातो. दोन शिक्षकांचं कर्ज सारखं, पगार सारखा, पण एकाला वाढ ३.५७ टक्के दिसते आणि दुसऱ्याला २.९६. दोघेही स्टाफरूममध्ये आपापला मोबाइल दाखवून वाद घालतात.

त्या दिवशी धडगावच्या दुकानात मी वहीच्या मागच्या पानावर हे सगळं मांडून दाखवलं. दुकानदाराने चष्मा काढून आकडे दोनदा वाचले. ८६८ वर बोट ठेवलं आणि म्हणाला, "म्हणजे गुरुजींना महिन्याला एक तेलाचा डबासुद्धा नाही सुटला." मग त्याने गुरुजींच्या उधारीचं पान उघडलं आणि त्या महिन्याचा आकडा होता तसाच ठेवून पुढचा महिना लिहायला घेतला.